काका-मावशी आठवडाभर मुंबईत येतायत, काकांची यादी २३ ठिकाणांची आहे. काय ठेवू, काय गाळू?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. अकोल्याहून माझी मावशी आणि काका जानेवारीच्या मध्यावर येतायत, शनिवारी सकाळी दादरला उतरणार आणि पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने परत. राहणार आमच्याकडे पार्ल्याला (पूर्व). काका ६९ वर्षांचे, शाळेत चित्रकला शिकवायचे, तब्येतीने ठणठणीत. मावशी ६६, गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालते पण जिना म्हटलं की बसूनच घेते.

काकांनी वहीत यादी करून पाठवलीये, २३ ठिकाणं आहेत. घारापुरी, कान्हेरी, म्युझियम, राजाबाई टॉवर, व्ही.टी., राणीची बाग, बाणगंगा, हाजीअली, मणिभवन, सिद्धिविनायक, तारापोरवाला, चोरबाजार, वरळीचा किल्ला... असं बरंच. त्यातल्या घारापुरीखाली दोन रेघा मारल्यात. तीस वर्षं त्यांनी मुलांना त्रिमूर्तीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलंय आणि स्वतः एकदाही पाहिलेली नाही. मावशीला मी फोनवर विचारलं तुला काय बघायचंय, तर म्हणाली मला समुद्राकाठी बसायचंय, नुसतं बसायचंय, आणि तुझ्या आईशी बोलायचंय, आम्ही दोघी बहिणी सात वर्षांत धड दोन दिवस एकत्र नाही राहिलो.

मी एक्सेलमध्ये दिवसाला तीन-तीन ठिकाणं टाकून बघितली, बसतं सगळं, पण ते बघूनच मला दमायला झालं. आणि काकांचं म्हणणं की पुन्हा येणं होईल न होईल, तेही खोटं नाही. दोघांचं कसं जमवायचं? मी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊ शकते, बाकी दिवस आई बरोबर असेल.

मी_बोरीवलीकर
सोपं आहे. सोमवारी सगळी म्युझियम, लेणी वगैरे बंद असतात, तो दिवस घरी आराम. बाकी सहा दिवस रोज तीन म्हणजे अठरा झाली, पाच गाळा.

कल्याणकर
एक आठवडा फक्त मुंबई?? खूप होतो हो. दोन दिवसांत मुंबई दर्शनच्या बसने सगळं होतं. उरलेल्या दिवसांत अलिबाग करा, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे मांडव्याला, गाडी पण जाते. नाहीतर माथेरान.

चाफेकळी
@कल्याणकर नाही हो, बाहेर कुठेच जायचं नाहीये, मुंबईच बघायचीये त्यांना. प्रश्न मुंबईतच काय कमी करायचं हा आहे.

फलाट क्र. ४
माझी नोकरी ३१ वर्षं फोर्टात झाली आणि पाहुणे आमच्याकडे बारा महिने असायचे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ठिकाणं मोजू नका, फेऱ्या मोजा. पार्ल्याहून टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, जायला दारापासून दारापर्यंत सव्वा तास धरा, कागदावर कमी दिसेल पण रिक्षा मिळणं, जिने, प्लॅटफॉर्म, पुढची टॅक्सी सगळं धरून तेवढा लागतोच. म्हणजे जाऊन येऊन अडीच तास. पाहुण्यांच्या बाबतीत आपण काय करतो, सकाळी एक बघू, दुपारी घरी येऊन पडू, संध्याकाळी परत निघू असं ठरवतो, आणि तिथेच पाच तास प्रवासात जातात. मग मोकळा वेळ ठेवलेला असतो पण तो लोकलमध्ये उभं राहून संपतो. म्हणून आमचा घरचा नियम होता की दिवसाला टाऊनची फेरी एकच. एकतर सकाळी लवकर जा आणि दोन-अडीचला घरी या, किंवा जेवून, झोप काढून तीनला निघा आणि रात्री नऊला या. सकाळ किंवा संध्याकाळ, दोन्ही नाही. सात दिवसांत अशा चारच फेऱ्या ठेवा, पाचवी फार तर. त्या चार फेऱ्यांमध्ये काय बसतं ते बघा, बाकीचं आपोआप गळतं, कुणाला गाळावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फेरीत बसायची जागा आधी ठरवा. तुमच्या मावशींना हे जास्त लागू आहे. "नंतर जरा आराम करू" असं नुसतं म्हटलं की टाऊनमध्ये तो आराम फुटपाथवर उभा राहून होतो. सावली, बसायला काहीतरी आणि जवळ स्वच्छ बाथरूम या तीन गोष्टी जिथे आहेत तिथेच मोकळा वेळ ठेवायचा.

आणि @मी_बोरीवलीकर, सोमवारचं तुमचं अर्धं बरोबर आहे. घारापुरी सोमवारी बंद, कान्हेरी आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद, काळ्या घोड्याजवळची एनजीएमए ही चित्रांची गॅलरी पण बंद. पण शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडं असतं, सव्वादहाला. उलट भाऊ दाजी लाड म्युझियम आणि राणीची बाग बुधवारी बंद. चोरबाजार शुक्रवारी. त्यामुळे सोमवार वाया घालवू नका, तो म्युझियमचा दिवस करा, मधल्या वारी गर्दीही कमी असते. फक्त शाळांच्या सहली येतात त्या चुकवायला उघडल्या उघडल्या जा. २६ जानेवारीला म्युझियम बंद असतं, तुमची तारीख त्याच्या अलीकडची आहे ना बघून घ्या.

वऱ्हाडी ठेचा
मी अकोल्याचाच हो. माह्या बाबांले घेऊन आलो होतो मागच्या वर्षी. तुमच्या काकांसारखंच, यादी केली होती. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले मले आता काही दाखवू नोको. पहिल्या दोन दिवसात आठ ठिकाणं केली होती आम्ही. त्यातलं आज त्यांले काय आठवते विचारा, तर व्ही.टी.ले बाहेर कट्ट्यावर बसून लोकं ऑफिसले पळतात ते पाहिलं, तेवढंच सांगतात सगळ्यांले. तवा जरा सांभाळून.

गिरगावची पोर
तारापोरवाला मत्स्यालय यादीतून काढाच, बरेच दिवस बंद आहे, जुनी इमारत पाडायला घेतली होती. लोक अजून तिथे जाऊन परत येतात.

बाणगंगा मात्र ठेवा असं मला वाटतं, मावशींना आवडेल. तलावाच्या काठच्या पायऱ्यांवर वरच्या वर बसता येतं, खाली उतरायची गरज नाही, आजूबाजूला देवळं, बदकं, आणि आवाज अजिबात नाही. माझी आजी तिथे तासन्‌तास बसायची.

चाफेकळी
@फलाट क्र. ४ काका, "फेऱ्या मोजा" हे वाचून डोक्यात लख्ख झालं. माझ्या एक्सेलमध्ये प्रवासाचा रकानाच नव्हता.

घारापुरी अर्ध्या दिवसात होते ना? मी सकाळी घारापुरी आणि दुपारी म्युझियम असं धरलं होतं, दोन्ही एकाच भागात आहे म्हणून.

फलाट क्र. ४
नाही होत. हीच चूक सगळे करतात. कारण बोट एक तासाची असं वाचलेलं असतं. सगळं मिळून हिशोब करून दाखवतो.

पार्ल्याहून सव्वासातला निघालात तर गेटवेला साडेआठच्या आसपास. तिथे सामान तपासणी, तिकीट, बोटी नऊच्या सुमारास सुटायला लागतात पण बोट भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे सव्वानऊ धरा. लाइफ जॅकेट घालायला लावतात, घालाच. तासाभराने म्हणजे सव्वादहाला धक्का. तिथून लांब जेट्टी आहे, छोटी गाडी असते किंवा चालत जा. मग ग्रामपंचायतीचा कर, मग पायऱ्या साधारण १२०, दोन्ही बाजूंनी दुकानं त्यामुळे कुणीच सरळ चढत नाही, मग वर पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. लेण्याच्या तोंडाशी पावणेअकरा-अकरा झाले. तुमचे काका तीस वर्षं थांबलेत, त्यांना आत निदान दीड तास द्या. साडेबारा. उतरणं, पाणी, जेट्टी, परतीच्या बोटीची रांग, एक तास समुद्र, गेटवेला येईपर्यंत अडीच. जेवण नाही झालेलं. त्यानंतर म्युझियममध्ये जाणं म्हणजे काचेतल्या वस्तूंसमोरून चालत जाणं, दुसरं काही नाही. म्हणून घारापुरीच्या दिवशी घारापुरीच. आणि शनिवार-रविवार नको, बोटीच्या रांगेतच तास जातो.

त्याच्या आदल्या दिवशी म्हणजे सोमवारी म्युझियम ठेवलंत तर आणखी एक फायदा आहे. तळमजल्यावरच्या शिल्पांच्या दालनात घारापुरीहून आणलेली शिल्पं आहेत. ती जवळून, उजेडात, हाताच्या अंतरावर दिसतात. ती बघून दुसऱ्या दिवशी लेण्यात गेलं की अंधारातलं मोठं काम डोळ्याला लवकर उमजतं. म्युझियममध्येसुद्धा सगळं बघायच्या भानगडीत पडू नका. काका चित्रकलेचे, तर शिल्पं आणि लघुचित्रं एवढीच दोन दालनं, आणि मग बागेत बसा.

आडवाटेचा
घारापुरीबद्दल थोडं, मी कॉलेजच्या मुलांना घेऊन जातो दरवर्षी. उत्तरेच्या दाराने आत गेलं की समोर सरळ दक्षिणेच्या भिंतीत ती मोठी मूर्ती आहे, अठरा-वीस फूट. लोक धावत तिथेच जातात, फोटो काढतात, परत. तुमच्या काकांना सांगा, आत गेल्यावर लगेच पुढे जाऊ नका, खांबांच्या मध्ये थांबा आणि डोळे अंधाराला सरावू द्या, पाचेक मिनिटं लागतात. मग चेहरे हळूहळू बाहेर येतात. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशा, हातात साप. मधला शांत, ओठ मिटलेले. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ, त्याला बरेच जण उमा म्हणतात. आपण शाळेत ब्रह्मा-विष्णू-महेश शिकलो पण तिन्ही चेहरे शिवाचेच, सदाशिव. डावीकडे लगेच अर्धनारीश्वर आहे आणि उजवीकडे गंगाधर, ते तिघं मिळून एकत्र बघायचे.

बाकीची दोन-तीन नंबरची लेणी, वरची तोफ हे नाही बघितलं तरी काहीही बिघडत नाही. तो वेळ पहिल्या लेण्यातच द्या. स्केचबुक न्यायला सांगा काकांना.

आणि माकडं आहेत, हातात खायची पिशवी किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको.

नणंदबाई
मावशींच्या गुडघ्यांबद्दल. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं होतं, आम्ही घारापुरीला डोली केली. खुर्चीला बांबू बांधलेले असतात, चार माणसं उचलतात. वर व्यवस्थित नेलं, पण उतरताना त्या घाबरल्या आणि अर्ध्यातून चालत येते म्हणाल्या, मग दोन दिवस पाय सुजले होते. भाव आधी ठरवा, जाऊन येऊनचा ठरवा, आणि वर किती वेळ थांबणार तेही बोलून घ्या. मला विचाराल तर मावशींना नेऊच नका. दोघांनी सगळं एकत्रच बघायचं असं कुठे आहे. काका आणि तुमच्याकडचं कोणीतरी जाऊ दे, त्या दिवशी दोघी बहिणी घरी गप्पा मारत बसू देत. त्यांना हवाय तो मोकळा वेळ तर हाच आहे.

चाफेकळी
@नणंदबाई हे मला सुचलंच नव्हतं. मी सारखी दोघांना एकाच दोरीला बांधून विचार करत होते. पण मग घारापुरीला काकांबरोबर मला जायला हवं, आणि माझी सुट्टी गुरुवारी. मंगळवारची बदलून मिळते का बघते.

मी_बोरीवलीकर
हाजीअलीला सकाळी लवकर जा म्हणजे भरती नसते, रस्ता मोकळा असतो.

वरळीचा नाखवा
दादा, सकाळ-संध्याकाळचा काही संबंध नाही भरतीशी. भरती रोज पाऊण तासाने, पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी बघून आलात तर आठवड्याने सातला तिथे पाणी असेल. मोठ्या भरतीला हाजीअलीचा रस्ता पाण्याखाली जातो, मग माणसं आत अडकतात नाहीतर बाहेर उभी राहतात.

आमच्याकडे म्हातारे सांगतात तो हिशोब सोपा आहे, कॅलेंडर बघा, तिथीच्या आकड्याला पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, मग ओहोटी दुपारी बाराला. पुनव किंवा अवस असेल तर पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भर भरती आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या पुढे. थोडं पुढेमागे होतं पण ठरवायला पुरतं. पुनव-अवसेची भरती मोठी, अष्टमीची लहान. वद्य पक्षात पण एक पासूनच मोजायचं.

फलाट क्र. ४
@वरळीचा नाखवा, हे फार कामाचं सांगितलंत. मी इतकी वर्षं वर्तमानपत्रातली वेळ बघून जायचो.

चाफेकळी
कॅलेंडर घेऊन बसले. त्यांच्या आठवड्यात बुधवारी अष्टमी येतेय. म्हणजे बुधवारी दुपारी बाराला ओहोटी. पण भर उन्हात तो रस्ता, सावली नाही. काकांना विचारते, त्यांनी यादीत लिहिलंय पण रेघ नाही मारलेली.

गिरगावची पोर
बुधवार तर सगळ्यात उत्तम रिकामा ठेवायला. मंगळवारी घारापुरी करून आलेला माणूस बुधवारी उठून कुठे जाईल? आणि मंगळवारी सिद्धिविनायक पण नका टाकू, त्या दिवशी रांग बघवत नाही.

आडवाटेचा
ओव्हल मैदानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. राजाबाई टॉवर यादीत आहे असं दिसतं. लोक सकाळी जातात आणि फोटो काळे येतात, कारण हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, टॉवर ही सगळी रांग मैदानाच्या पूर्वेला आहे, सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. दुपारी साडेतीन-चारनंतर जा. पश्चिमेचं ऊन सरळ दगडावर पडतं आणि कोरीव काम एकेक करून उठून दिसायला लागतं. मग तिथेच उभं राहून पाठ फिरवायची, समोर आर्ट डेकोच्या इमारती, गोल कोपरे, आडव्या पट्ट्या, रंगीत. एका मैदानाच्या दोन काठांवर साठेक वर्षांच्या अंतराने बांधलेल्या दोन रांगा. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आल्या त्या दोन्ही मिळून. चित्रकलेच्या मास्तरांना एवढं एक मैदान संध्याकाळभर पुरेल.

आणि रविवारी मैदानात एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने चालू असतात, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर. मावशी बसून बघतील. तिथून चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्ह दहा मिनिटं हळू चालत. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. कठड्यावर जागा मिळते रविवारीसुद्धा, फक्त चर्चगेटच्या समोर नको, थोडं पुढे जा.

कल्याणकर
रविवारी मेगाब्लॉक असतो विसरू नका!

फलाट क्र. ४
हो, साधारण अकरा ते चार, कुठल्या लाइनवर ते शुक्रवार-शनिवारी कळतं. म्हणून संध्याकाळची फेरी रविवारी बरी पडते. पण यांना लोकलची गरजच नाही. पार्ले पूर्वेहून रिक्षाने विमानतळाच्या टी-वनच्या मेट्रो स्टेशनला जा, तिथून भुयारी मेट्रो सरळ हुतात्मा चौकात सोडते. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, बसायला मिळतं. मावशींना लोकलच्या पुलाचे जिने चढायला लावू नका. फक्त खाली मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, तेव्हा दोघं वेगळे जाणार असतील तर भेटायची जागा आधी ठरवून घ्या.

पेठेतला पाहुणा
सगळं ठीक आहे पण तुम्ही मूळ अडचण सोडवत नाही आहात. राहायचं ठिकाणच चुकलंय. सोमवार, मंगळवार दोन रात्री फोर्ट-कुलाब्यात एखादं साधं हॉटेल घ्या. म्हणजे म्युझियमनंतर खोलीत जाऊन पडायचं, संध्याकाळी गेटवे, दुसऱ्या दिवशी पहिली बोट. अडीच तासांची ती फेरीच गेली. मी पुण्याहून आलो की असंच करतो. पहाटे सहाला फोर्टातून चालायला जे मिळतं ते पार्ल्यात राहून कधीच मिळणार नाही.

चाफेकळी
@पेठेतला पाहुणा तुमचं पटतंय पण घरात हे बोलले तर आई म्हणाली माझी बहीण माझ्या गावात येऊन हॉटेलात राहणार? विषय तिथेच थांबला.

नणंदबाई
आईचं बरोबर आहे.

पेठेतला पाहुणा
आईचं भावनेने बरोबर आहे, पण पायांचा विचार केला तर माझंच बरोबर आहे. एक रात्र तरी काकांपुरती बघा.

चाफेकळी
तर आत्तापर्यंत असं झालंय, बघा बरं.

शनिवार काहीच नाही, दोघं रात्रभर प्रवास करून येणार.
रविवार दुपारी तीनला निघून मेट्रोने ओव्हल, मग मरीन ड्राइव्ह, चौघं.
सोमवार सकाळी म्युझियम, दोन दालनं, बागेत डबा खाता येतो का ते विचारून, अडीचपर्यंत घरी.
मंगळवार घारापुरी, फक्त काका आणि मी. मावशी-आई घरी.
बुधवार कोरा.
गुरुवार इथे अडकलेय, राणीची बाग की बाणगंगा.
शुक्रवार कान्हेरी, काकांचा आग्रह आहे.
शनिवार सकाळी सामान, मावशीला पार्ल्याच्या मार्केटमधून काहीतरी घ्यायचंच असतं.

२३ मधली सात-आठ होतायत. काकांना हे कसं सांगायचं ते मात्र कळत नाहीये.

आडवाटेचा
गुरुवारी राणीची बागच. घारापुरीची गोष्ट तिथे पुरी होते. त्या बेटावर धक्क्याजवळ एकसंध दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली जोडून उभा केला. तो आज राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या शेजारी झाडाखाली उभा आहे, सांधे दिसतात. बहुतेक लोक त्याच्या बाजूने जिराफ-पेंग्विन शोधत निघून जातात. काका मंगळवारी बेट बघून गुरुवारी हा हत्ती बघतील तर दोन्ही कायमचं लक्षात राहील. बागेत जुनी मोठी झाडं, बाकं भरपूर, मावशींची सोय झाली. प्राण्यांच्या भागात गेलंच पाहिजे असं नाही.

गिरगावची पोर
हत्तीपुढे बाणगंगा हरली, मान्य. 🙂

वऱ्हाडी ठेचा
शुक्रवारी कान्हेरी जास्त होते वाटते मले. दोन लेणी एका हप्त्यात. परत शनिवारी रातची गाडी.

फलाट क्र. ४
मलाही थोडं तसं वाटतं, पण एक गोष्ट कान्हेरीच्या बाजूने आहे. सकाळी पार्ल्याहून बोरिवलीकडे जाणारी गाडी उलट्या दिशेची असते, सगळी मुंबई चर्चगेटकडे चाललेली असते त्यामुळे बसायला मिळतं. पार्कच्या गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर आत, तिथवर बस आहे. ही फेरी टाऊनच्या फेरीत धरू नका, हलकी आहे. शंभरावर लेणी आहेत, त्यातलं तीन नंबरचं चैत्यगृह आणि वरची पाण्याची टाकी बघितली की बास.

आडवाटेचा
आणि कान्हेरीत भिक्षूंनी खोल्यांच्या बाहेर दगडातच बाकडी कोरलीत. सकाळी नऊ-साडेनऊला तिथे सावली असते. पण पायऱ्या आहेत, मावशी येणार असतील तर खालच्या तीन नंबरच्या पुढे नको. मी असतो तर ठेवली असती. काकांना घारापुरीनंतर बौद्ध लेणं बघायला मिळेल, चैत्यगृहात स्तूप आणि मोठा अंधार.

वऱ्हाडी ठेचा
गुरुवारी रात्री काकांलेच विचारा, तेव्हा पाय काय म्हणतात ते. आत्ताच कायले ठरवता.

चाफेकळी
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, काल रात्री गाडीत बसवून आले. वेळ काढून लिहितेय कारण तुम्ही इतकं लिहिलंत.

रविवारी ओव्हलवर काकांनी वही काढली आणि टॉवरचं चित्र काढायला घेतलं, सव्वापाच झाले तरी हलेनात. मावशी शेजारी बसून एका मुलाचा आऊट होता की नव्हता यावर आईशी बोलत होती. मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा सूर्य गेलेला होता, नुसता तांबडा रंग उरला होता. मावशी म्हणाली चालेल. नऊपर्यंत बसलो.

मंगळवारी बोट सव्वानऊला नाही, दहाला दहा कमी असताना सुटली. @आडवाटेचा, तुम्ही सांगितलं तसं खांबांमध्ये थांबलो. काका एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, मी मुलांना मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ बारीक काढून दाखवायचो, तो तसा नाहीये, जाड आहे. आणि मग तो ओठ चार वेळा काढला वहीत. दोन तास दहा मिनिटं होतो आत. दोन नंबरचं लेणं बघितलं नाही.

बुधवारी बारा वाजता ओहोटी होती तरी कोणी उठलं नाही, काका तीन वाजेपर्यंत झोपले.

चुकलं एकच. सोमवारी म्युझियममध्ये मी मावशीला वरच्या मजल्यावर नेलं, लिफ्ट कुठे आहे विचारलं नाही, जिन्याने नेलं, आणि तिचा गुडघा गुरुवारपर्यंत दुखत होता. राणीच्या बागेत ती हत्तीजवळच्या बाकावरच बसून राहिली, पुढे गेलीच नाही. पण तिथे दोघी बहिणींनी दोन तास काढले आणि मी काकांना म्युझियम दाखवून आणलं. हत्तीच्या पायाजवळचा सांधा काकांनी बोटाने लांबूनच हवेत गिरवून बघितला.

कान्हेरी नाही झाली. गुरुवारी रात्री विचारलं, काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले राहू दे. मला अजून वाटतंय न्यायला हवं होतं, ते "राहू दे" मनापासून होतं की माझ्यासाठी, ते कळलं नाही.

आडवाटेचा
ओठाचं वाचून फार बरं वाटलं. ती वहीची पानं स्कॅन करून ठेवा.

पेठेतला पाहुणा
फोर्टात एक रात्र राहिला असतात तर मंगळवारची पहिली बोट मिळाली असती आणि शुक्रवारी पाय शिल्लक राहिले असते. कान्हेरी तिथे गेली.

नणंदबाई
आणि बहिणींची एक रात्र गेली असती.

वरळीचा नाखवा
ताई, पुढच्या वेळी आणाल तेव्हा अष्टमी बघून वरळीच्या किल्ल्यावर या. आमच्या कोळीवाड्यातून चालत पाच मिनिटं. मावशींना बसायला घराची ओटी आहे.

चाफेकळी
@वरळीचा नाखवा मावशीला फोनवर वाचून दाखवलं. विचारतेय अष्टमी शुद्ध की वद्य, कोणतीही चालेल का?

वरळीचा नाखवा
कोणतीही. फक्त पावसाळा सोडून.